चिनी चिन्हाची अर्धी बाजू

‘चिनी भाषेत संकट म्हणजे धोका अधिक संधी!’ हे वाक्य परवा एका व्याख्यानात पुन्हा ऐकलं. टाळ्याही पडल्या. त्या शब्दातलं दुसरं चिन्ह 机 हे ‘संधी’च्या शब्दातही येतं, एवढंच खरं. इथे त्याचा अर्थ ‘गोष्ट वळण घेते तो क्षण’ असा आहे.

अशा गोष्टी खपतात, कारण प्रत्येक चिनी चिन्ह म्हणजे एक चित्र, असं आपण धरून चालतो. डोंगराचं 山 किंवा झाडाचं 木 ही मुळात चित्रंच, पण अशी चिन्हं थोडी. सुमारे ८० टक्के चिन्हं जोडलेली असतात. एक भाग अर्थाचा प्रांत सांगतो, दुसरा उच्चार सुचवतो.

उदाहरणार्थ 青. उच्चार साधारण ‘छिंग’, अर्थ हिरवा-निळा रंग. याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की 清, म्हणजे स्वच्छ, नितळ. सूर्य काढला की 晴, निरभ्र. हृदय काढलं की 情, भावना. बोलण्याची खूण लावली की 请, विनंती. सगळ्यांचा उच्चार ‘छिंग’च, फक्त सूर चढतो-उतरतो. रंगाशी यांतल्या कोणाचंच थेट देणंघेणं नाही. 青 तिथे मुख्यतः आवाजासाठी बसलाय.

आपलं अक्षर फक्त आवाज देतं. ‘कर’ लिहिलं तर हात, सरकारी कर की ‘काम कर’, हे वाक्यावरून कळतं. चिनीत ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ तिन्ही कानाला ‘था’च, कागदावर मात्र 他, 她, 它 असे वेगळे. म्हणजे चिन्ह शब्दाची ओळख लिहितं, जी कानाला कळत नाही. आपल्याकडे ‘श’ आणि ‘ष’ बहुतेक जण सारखेच बोलतात, पण ‘षटकोन’ लिहिताना भेद पाळतात. तीच गोष्ट, फार छोट्या प्रमाणात.

आवाजाचा भाग जुना होतो, ही यातली गंमत. नदी या अर्थाचं 江 पाहा. डावीकडे पाणी, उजवीकडे 工, उच्चार ‘गोंग’. पण आज बीजिंगकडच्या बोलीत ही नदी ‘ज्यांग’ आहे. मग ‘गोंग’ कशाला? चिन्ह घडलं तेव्हा दोन्ही उच्चार जवळचे होते. पुढे ते फाकले, चिन्ह तसंच राहिलं. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये नदी अजून ‘गॉंग’ आहे. भाषेचा इतिहास शोधणारे अशाच विसंगतींवरून जुने उच्चार जुळवतात.

म्हणून अर्धी बाजू पाहून वाचायला गेलात तर कधीकधी फसाल. सूर्याच्या खुणेत एकच आडवी रेघ वाढवली की डोळा होतो, आणि 睛 हे ‘जिंग’. तर 青ला कुत्र्याची खूण लावून होणारं 猜 थेट ‘त्साय’. त्याचा अर्थ: अंदाज बांधणे.