रुंगेचे 1901 चे उदाहरण: बिंदू वाढवले, तरी वक्र का बिघडला?

धूमकेतूची निरीक्षणे रोज मिळत नाहीत. मधल्या दिवसांची स्थिती काढायची, तर मिळालेल्या बिंदूंतून एक वक्र न्यावा लागतो. न्यूटनने 1687 मध्ये त्यासाठीच बहुपदी वापरली. बिंदू n+1 असले की त्या सगळ्यांतून जाणारी, जास्तीत जास्त n कोटीची बहुपदी एकच असते. वर्गात शिकवतात ते लाग्रांजचे सूत्र 1795 चे. वेअरिंगने ते 1779 मध्येच दिले होते.

पण दोन बिंदूंच्या मध्ये ही बहुपदी किती चुकते? कोशीने 1840 मध्ये त्रुटीचा अभ्यास केला. ते त्रुटिपद आज असे लिहितात:

f(x) − p(x) = f⁽ⁿ⁺¹⁾(ξ)/(n+1)! · (x−x₀)(x−x₁)…(x−xₙ)

ξ हा त्याच अंतरातला कुठलातरी बिंदू. छेदातले (n+1)! पाहून वाटते, बिंदू वाढवत गेलो की चूक शून्याकडे जाणारच.

हॅनोव्हरला वर्णपटातल्या रेषांची मोजमापे करणाऱ्या कार्ल रुंगेने 1901 मध्ये हा समज खोडला, तोही 1/(1+x²) या अगदी साध्या फलनावर. −5 ते 5 मध्ये 1 च्या अंतराने 11 बिंदू घ्या. मिळणारी दहाव्या कोटीची बहुपदी x = 0.5 ला 0.843 देते, खरी किंमत 0.8, हे चालून जाईल. x = 4.5 ला मात्र खरी किंमत 0.047 असताना ती 1.579 देते! 21 बिंदू घेतले, तर टोकाजवळची चूक जवळजवळ 60 पर्यंत जाते.

याचे कारण त्रुटिपदातच आहे. कंसांच्या गुणाकाराचा आकार x = 0.5 ला सुमारे 4,800, तर x = 4.5 ला सुमारे 3,20,000 भरतो. मध्यावर उभे राहिले की दोन्हीकडचे बिंदू त्यातल्या त्यात जवळ असतात. टोकाला बहुतेक सगळे लांब पडतात. म्हणून 67 पटींचा फरक. दुसरीकडे, विकलजही (n+1)! च्याच वेगाने वाढतात, त्यामुळे छेदाचा आधार उरत नाही.

विकलज इतके का वाढतात, हे वास्तव रेषेवर दिसत नाही, आणि मला या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. वक्र सगळीकडे गुळगुळीत आहे, पण संमिश्र प्रतलात x = ±i ला छेद शून्य होतो. समान अंतराच्या बिंदूंना हे दोन ध्रुव फार जवळचे ठरतात. |x| सुमारे 3.63 च्या आत असेल तिथे बहुपदी फलनाकडे जाते, त्यापलीकडे दूर पळते. eˣ ला असा ध्रुवच नाही, म्हणून तिथे समान अंतर ठेवूनही चूक शून्याकडे जाते.

बिंदू टोकांकडे दाट केले, तर गुणाकार सगळीकडे सारखाच लहान राहतो. चेबिशेव्हच्या बिंदूंची रचना तशीच आहे. तेच फलन, तेच 11 बिंदू, फक्त जागा बदलल्या, आणि सर्वांत मोठी चूक 1.92 वरून 0.11 वर येते.