जुनी की नवी करप्रणाली: पुण्यातल्या एका सॅलरी स्लिपवरून काढलेला हिशोब

हा हिशोब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, म्हणजे ज्याचं रिटर्न ३१ जुलै २०२६ पर्यंत भरायचं आहे त्या वर्षाचा आहे. तो करायला वर्षभराच्या सॅलरी स्लिप किंवा फॉर्म १६ चा भाग ब, भाड्याच्या पावत्या आणि विमा, पीपीएफ वगैरेंचे पुरावे एवढंच लागतं. ऑफर लेटरमधला सीटीसीचा आकडा मात्र बाजूला ठेवा. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळवलेली असते, तेव्हा तिथून सुरुवात केली की दोन्हीकडचा कर फुगलेला दिसतो. आपल्याला हवी ती स्लिपमधली ग्रॉस रक्कम.

समजा हिंजवडीत नोकरी आणि वाकडला भाड्याचा फ्लॅट आहे. स्लिपमध्ये दरमहा बेसिक ६०,०००, एचआरए २४,००० आणि स्पेशल अलाउन्स ३६,००० रुपये. वर्षाचे झाले १४,४०,०००. कपातीच्या बाजूला पीएफ महिना ७,२०० आणि प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५०० (म्हणूनच फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापले जातात). फ्लॅटचं भाडं २२,०००.

नवी प्रणाली आधी उरकू, कारण तिथे फारसं काही करायचंच नसतं. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरतात १३,६५,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के आणि उरलेल्या १,६५,००० वर १५ टक्के. कर ८४,७५०, त्यावर ४ टक्के उपकर धरून ८८,१४० रुपये.

जुन्या प्रणालीत खरा प्रश्न एचआरएचा आहे. स्लिपवर वर्षाचा एचआरए २,८८,००० दिसतो, पण तेवढा सगळा करमुक्त होत नाही. तीन रकमा काढायच्या आणि त्यातली सर्वांत लहान घ्यायची: मिळालेला एचआरए, बेसिकचे ४० टक्के, आणि भरलेल्या भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम. मुंबईत ५० टक्के धरतात. पुण्यात भाडी कितीही वाढलेली असली, तरी या वर्षासाठी ४० टक्केच. इथे पहिल्या दोन्ही रकमा २,८८,००० येतात. तिसरी मात्र २,६४,००० वजा ७२,०००, म्हणजे १,९२,०००. सवलत एवढीच. वर्षाच्या मध्यात घर बदललं किंवा बेसिक वाढलं, तर हा हिशोब त्या-त्या महिन्यांपुरता वेगळा मांडावा लागतो. आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. करारावर सही करतानाच तो मागून घ्या, मार्चमध्ये मागायला गेलात की टाळाटाळ होते.

आता बाकीच्या वजावटी. प्रमाणित ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, कलम ८०सीचे पूर्ण १,५०,००० (त्यातले ८६,४०० तर पीएफमधूनच भरतात, ते विसरून लोक नको असलेली पॉलिसी घेतात) आणि आरोग्य विम्याचे २५,०००. एचआरएसह एकूण ४,१९,५००. करपात्र उत्पन्न १०,२०,५००, आणि उपकरासह कर १,२३,३९६. एवढं सगळं करूनही नवी प्रणाली ३५,२५६ रुपयांनी स्वस्त पडते.

मग जुनी कधी परवडेल? या पगाराला एकूण वजावट सुमारे ५,७८,७५० झाली की दोन्हीकडचा कर सारखा होतो. इथे १,५९,२५० कमी पडतात, आणि एवढी मोठी तफावत बहुधा गृहकर्जाचं व्याजच भरून काढतं. समजा याच माणसाने गावाकडे कर्ज काढून आईवडिलांसाठी घर घेतलंय आणि व्याजाचे पूर्ण २ लाख धरता येतात. मग जुन्या प्रणालीतला कर ७९,६६४ वर येतो आणि ती ८,४७६ रुपयांनी जिंकते. म्हणून भाडं आणि गृहकर्ज दोन्ही चालू असेल, तर हिशोब केल्याशिवाय नवी निवडू नका.

निवड कळवायची ती दोन ठिकाणी. वर्षाच्या सुरुवातीला कंपनी विचारते. काहीच कळवलं नाही तर नवी धरून टीडीएस कापला जातो. पण ही निवड टीडीएसपुरतीच असते. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना ती बदलता येते, तीही दर वर्षी आणि वेगळा फॉर्म न भरता. अट एकच: जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच गेलं पाहिजे. उशिरा भरलेल्या रिटर्नला नवीच प्रणाली लागते. वरच्या गृहकर्जवाल्या माणसाने १ ऑगस्टला रिटर्न भरलं, तर ८,४७६ रुपये तर जातातच, शिवाय उशिराचं शुल्क ५,००० रुपये वेगळं.