फाइल हिस्टरी आणि शॅडो कॉपी: टॅब एकच, माल वेगळा

सप्टेंबर आला की सोसायटीच्या वार्षिक सभेची धावपळ, आणि त्यात कुणाच्या तरी हातून यंदाच्या हिशोबावर गेल्या वर्षीचे आकडे सेव्ह होतात. लगेच ग्रुपवर सल्ला येतो: ‘सिस्टिम रिस्टोअर मार.’ कृपया मारू नका. त्याने विंडोजची सेटिंग आणि प्रोग्रॅम मागे जातात, तुमच्या एक्सेल फाइलला ते हातही लावत नाही.

फाइलवर राइट-क्लिक, `Properties`, मग `Previous Versions`. इथवर सगळे पोचतात. घोळ पुढे आहे, कारण त्या एकाच यादीत फाइलच्या दोन वेगळ्या ठिकाणच्या जुन्या प्रती दिसतात: काही शॅडो कॉपीतल्या, काही फाइल हिस्टरीतल्या.

शॅडो कॉपी मूळ फाइलच्याच ड्राइव्हवर असते आणि सहसा रिस्टोअर पॉइंट, म्हणजे सिस्टिम रिस्टोअर जिथवर मागे नेतं तो टप्पा, बनतो तेव्हा तयार होते, उदाहरणार्थ अपडेट किंवा ड्रायव्हर टाकताना. तुमची फाइल मधे बदलली की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. मंगळवारी पॉइंट बनला आणि रविवारी फाइल बिघडली, तर मधलं काम त्यात नाही. डिस्क गेली तर तीही गेली. फाइल हिस्टरी मात्र बदललेली फाइल एक्स्टर्नल ड्राइव्हवर अख्खी कॉपी करते, मुळात तासाला एकदा. एका तासात दहा वेळा सेव्ह केलंत तरी प्रत एकच. ती वेळ १० मिनिटांपर्यंत खाली आणता येते.

एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्या या साध्या फाइली असतात, त्यामुळे कुठल्याही कॉम्प्युटरला जोडून उघडता येतात. `FileHistory` फोल्डरमध्ये शिरत `Documents` पर्यंत जा, की अशी नावं दिसतील:

```
Hishob (2025_09_14 10_05_12 UTC).xlsx
Hishob (2025_09_14 11_05_09 UTC).xlsx
```

समजा, चुकीचे आकडे दुपारी ४.२० ला सेव्ह झाले. लोक ११.०५ म्हणजे सकाळची प्रत समजून दुसरी फाइल उचलतात आणि ‘हीपण बिघडलेलीच’ म्हणून डोकं धरतात. ही यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, आपल्या वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे. दुसरी फाइल ४.३५ ची, म्हणजे चुकीनंतरची. पहिली ३.३५ ची, तीच हवी.

टॅबमधलं `Restore` बटण मला मुळीच पसंत नाही, ते आत्ताच्या फाइलवरच लिहितं. आधी `Open` करून आकडे बघा आणि वेगळ्या नावाने सेव्ह करा.

यादी रिकामी असेल तर आधी एक्स्टर्नल ड्राइव्ह जोडलाय का ते बघा. जोडूनही रिकामीच असेल, तर फाइल बहुधा `D:` वर आहे. ‘फॉरमॅट मारला तरी डी वाचतो’ म्हणून आपल्याकडे सगळं तिथेच ठेवतात, पण शॅडो कॉपी तिथे सहसा बंद असते आणि फाइल हिस्टरी आपणहून तिथे जात नाही. ते फोल्डर `Documents` लायब्ररीत जोडा. त्यापुढच्या प्रती मिळतील, आधीच्या नाहीत.