लेगस्पिन आणि डावखुरी फिरकी: वळण एकाच दिशेला, धोका वेगवेगळा

शेन वॉर्नने 1993 साली ओल्ड ट्रॅफर्डवर माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू बहुतेकांनी पाहिलेला असतो. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर, चेंडू बॅटला चकवून ऑफ स्टंपवर. 2012 मध्ये वानखेडेवर माँटी पनेसरने सचिन तेंडुलकरचा पहिल्या डावात त्रिफळा उडवला, तेव्हाही चेंडू टप्प्यावरून वळून ऑफ स्टंपवरच गेला. दोन्ही फलंदाज उजव्या हाताचे आणि दोन्ही चेंडू लेगकडून ऑफकडे वळलेले. त्यामुळे ‘लेगस्पिनर काय आणि डावखुरा स्पिनर काय, दोघंही चेंडू बाहेरच काढतात’ असं ऐकू येतं. टीव्हीवर वळणाची रेघ पाहिली तर ते खरंही वाटतं. पण चेंडू हातात धरून पाहिला की दिसतं, की डावखुऱ्या स्पिनरचं नातं लेगस्पिनरशी कमी आणि ऑफस्पिनरशी जास्त आहे.

ऑफस्पिनची पकड आधी पाहू, कारण डावखुऱ्याची पकड तीच असते. तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांपासून चांगली फाकवून शिवणीवर आडवी ठेवायची, तीही बोटांच्या वरच्या पेरांनी. अनामिका खालून नुसता आधार देते. अंगठा चेंडूला जेमतेम टेकलेला असतो, सुटताना त्याचं काहीच काम नसतं. सगळी मेहनत तर्जनीची. दाराची गोल मूठ उजवीकडे फिरवतो तसा हात फिरतो आणि तर्जनी शिवणीची उजवी बाजू खाली ओढते. गोलंदाजाच्या मागे उभं राहून पाहिलं तर चेंडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जातो. नियमित ऑफस्पिन टाकणाऱ्याच्या तर्जनीला आतल्या बाजूने घट्टा पडतो तो याचमुळे.

हीच पकड डाव्या हातात घेतली की सगळं आरशातल्यासारखं उलटतं. तर्जनी आता शिवणीची डावी बाजू खाली ओढते, चेंडू घड्याळाच्या उलट फिरतो आणि उजव्या फलंदाजापासून दूर जातो. जडेजा, अक्षर, पनेसर हे सगळे असे बोटांनी फिरकी देणारे.

लेगस्पिनमध्येही चेंडू घड्याळाच्या उलटच फिरतो, पण उजव्या हाताने. तर्जनीने खाली ओढून हे जमणार नाही, कारण उजवी बाजू आता वर जायला हवी. म्हणून पकडच बदलते. तर्जनी आणि मधलं बोट वर, शिवणीवर आडवी, फार न फाकवलेली. अनामिका आणि करंगळी दुमडून खाली. दुमडलेल्या अनामिकेची कड शिवणीला लागलेली असते आणि चेंडू तीच फिरवते. मनगट आत मुडपलेलं असतं. सुटण्याच्या क्षणी ते उलगडतं आणि अनामिका शिवणीला झटका देते. बोटांच्या ताकदीला मनगटाची जोड मिळते, त्यामुळे फेरे जास्त मिळतात. पण चेंडू सोडण्याची वेळ किंचित चुकली की फुलटॉस पडतो नाहीतर अर्ध्या खेळपट्टीत आपटतो.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे चेंडू तळव्यात खोल धरणं. तळवा आणि चेंडू यांच्यात फट हवी. ती नसेल तर चेंडू फिरण्याऐवजी ढकलला जातो. चूक ओळखायला चेंडूची एक अर्धी बाजू रंगवून घ्या आणि जोडीदाराकडे टाका. फिरकी नीट दिलेली असेल तर शिवण हवेत एका ठरावीक कलात स्थिर फिरताना दिसते आणि रंगाची कड स्वच्छ राहते. ती लटपटत असेल तर बोटं शिवणीवरून घसरली आहेत.

आता कोरडी खेळपट्टी. चेंडू जमिनीला टेकलेला असतो तो काही मिलीसेकंदच. तेवढ्या वेळात त्याचा तळ जमिनीवर आडवा घासतो आणि जमीन त्याला उलट्या दिशेने ढकलते. लेगस्पिनमध्ये (गोलंदाजाच्या मागून पाहता) चेंडूचा तळ उजवीकडे घासतो, म्हणून चेंडू डावीकडे, म्हणजे उजव्या फलंदाजाच्या ऑफला जातो. ऑफस्पिनमध्ये याच्या बरोबर उलट. हिरवळ किंवा दव असेल तर तळ घसरतो आणि घर्षण पुरेसं मिळत नाही. माती कोरडी, भुसभुशीत असली तर चेंडूला पकड मिळते. तो जास्त वळतो आणि थोडा अडकून मंद होतो, म्हणून फलंदाजाचा फटका लवकर खेळला जातो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फेरे कितीही असोत, चेंडू कोणत्या आसाभोवती फिरतोय यावर वळण ठरतं. आस चेंडूच्या प्रवासाच्या दिशेत असेल तर वळण सर्वांत जास्त. आस उभी झाली, म्हणजे चेंडू तबकडीसारखा सपाट फिरत गेला, तर टप्प्याच्या जागी पृष्ठभाग आडवा सरकतच नाही आणि चेंडू जवळजवळ सरळ निघतो. हवेत भरपूर फिरताना दिसलेला चेंडू टप्प्यावरून वळला नाही, याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

मग कोरड्या खेळपट्टीवर लेगस्पिनर आणि डावखुरा यांच्यात फरक पडतो कुठे? माझ्या मते वळणाच्या मापात नव्हे, चेंडू येतो कुठून यात.

उजव्या हाताचा लेगस्पिनर ओव्हर द विकेट टाकतो तेव्हा त्याचा हात स्टंपच्या अगदी जवळ असतो. त्याचा चेंडू जवळपास सरळ रेषेत येतो. डावखुरा स्पिनर उजव्या फलंदाजाला सहसा राउंड द विकेट टाकतो. त्याचा हात मधल्या स्टंपच्या रेषेपासून बराच बाहेर असतो, समजा 80 सेंटिमीटर. मग चेंडू तिरका, ऑफकडून लेगकडे येतो.

हिशोब करून पाहू. चेंडू क्रीजजवळून, म्हणजे पलीकडच्या स्टंपपासून साधारण 18.5 मीटरवरून सुटला आणि स्टंपच्या 4 मीटर पुढे, ऑफ स्टंपच्या रेषेत पडला. तिन्ही स्टंप मिळून रुंदी 22.86 सेंटिमीटर, म्हणजे ऑफ स्टंपची बाहेरची कड मधोमधपासून सुमारे 11 सेंटिमीटरवर. डावखुऱ्याचा चेंडू 14.5 मीटरमध्ये आडवा सुमारे 69 सेंटिमीटर सरकला. तो वळलाच नाही तर त्याच तिरकसपणे उरलेल्या 4 मीटरमध्ये आणखी 19 सेंटिमीटर लेगकडे जाईल आणि लेग स्टंपवर आदळेल. तोच चेंडू 4 अंशांनी वळला तर? 4 मीटरमध्ये 4 अंश म्हणजे 28 सेंटिमीटर. त्यातले 19 आधीचा तिरकसपणा खोडण्यातच जातात, उरतात 9. चेंडू ऑफ स्टंपच्या जरा बाहेरून, बॅटच्या बाहेरच्या कडेच्या शोधात जातो.

म्हणजे टप्पा एकच, हात तोच, आणि एका चेंडूला लेग स्टंप धोक्यात तर दुसऱ्याला स्लिपमध्ये झेल. फलंदाजाने बाहेरचा चेंडू खेळायला बॅट नेली आणि तो वळला नाही, की पायचीत किंवा त्रिफळा. लेगस्पिनरच्या सरळ रेषेत हा दुहेरी धोका तेवढा नसतो. त्याला सरळ चेंडूचा बळी हवा असेल तर वेगळा चेंडू, फ्लिपर किंवा स्लायडर, मुद्दाम टाकावा लागतो आणि तो हातातून ओळखता येण्याची शक्यता असते. डावखुऱ्याला काहीच वेगळं करावं लागत नाही. त्याचा एक चेंडू शिवणीवर पडतो आणि पकडतो, दुसरा चामड्यावर पडतो आणि घसरतो. कोणता काय करणार हे त्यालाही माहीत नसतं, मग फलंदाजाने हात पाहून ओळखायचं कसं?

2021 च्या फेब्रुवारीत अहमदाबादला इंग्लंडविरुद्ध गुलाबी चेंडूची कसोटी दोन दिवसांत संपली, तेव्हा अक्षर पटेलने हेच केलं. 38 धावांत 6 आणि 32 धावांत 5 बळी. यातले बरेच बळी वळलेल्या नव्हे, न वळलेल्या चेंडूंवर होते. लाख लावलेला गुलाबी चेंडू चामड्यावर पडला की वेगाने घसरत होता आणि फलंदाज वळणासाठी बॅट बाहेर नेऊन बसलेले. दुसऱ्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर क्रॉली त्रिफळाचीत झाला आणि तिसऱ्यावर बेअरस्टो.

म्हणून अगदी कोरड्या खेळपट्टीवर एकच फिरकीपटू निवडायचा झाला तर मी लेगस्पिनरपेक्षा अचूक डावखुऱ्याला पसंती देईन. बोटांच्या फिरकीत फेरे कमी असतात ही तिची उणीव अशा मातीत भरून निघते. उलट खेळपट्टी काहीच देत नसेल, तर मनगटातून येणाऱ्या जादा फेऱ्यांना पर्याय नाही. तिथे लेगस्पिनरच हवा.

ऑफस्पिनरचं काय? उजव्या फलंदाजाला ओव्हर द विकेट टाकताना चेंडू आत वळतो आणि कोरड्या खेळपट्टीवर जास्तच वळला तर लेग स्टंप सोडून निघून जातो. म्हणून तो राउंड द विकेट येतो, म्हणजे चेंडू लेगकडून ऑफकडे तिरका जातो आणि वळला तर परत स्टंपकडे येतो. पण त्याचं खरं राज्य सुरू होतं ते डावखुऱ्या फलंदाजाविरुद्ध. अश्विन राउंड द विकेट डावखुऱ्याला टाकायचा तेव्हा जडेजाने उजव्या फलंदाजाला टाकलेल्या चेंडूची ती हुबेहूब आरशातली प्रतिमा असायची. तोच कोन, तेच बाहेर जाणारं वळण, तोच आत घुसणारा सरळ चेंडू. कसोटीत 200 डावखुरे फलंदाज बाद करणारा अश्विन पहिला गोलंदाज ठरला, त्यामागे हाच कोन आहे.

कुलदीप यादवसारखा डाव्या हाताने मनगटी फिरकी टाकणारा मात्र या जोडीत बसत नाही. तो लेगस्पिनरचा आरसा आहे. अनामिका आणि मनगट वापरून त्याचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत येतो, आणि बाहेर जाणारा चेंडू ही त्याची गुगली.

शेवटचा घटक म्हणजे रफ. उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज ओव्हर द विकेट टाकून पुढे धावत येतो, तिथे त्याच्या बुटांच्या खिळ्यांनी माती उकरली जाते. समोरच्या टोकाकडून पाहिलं तर ही जागा उजव्या फलंदाजाच्या लेग स्टंपबाहेर आणि डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपबाहेर येते. लेगस्पिनर किंवा डावखुरा स्पिनर तिथे टप्पा टाकू शकतो, पण उजव्या फलंदाजाला पॅड पुढे करून सोडून देता येतो, कारण लेग स्टंपबाहेर पडलेल्या चेंडूवर पायचीत देताच येत नाही. 2001 मध्ये बंगळुरूला ॲशले जाइल्सने ओव्हर द विकेट येऊन याच रेषेत तेंडुलकरला कोंडून ठेवलं. शेवटी पुढे सरसावलेला तेंडुलकर 90 धावांवर यष्टिचीत झाला. डावखुऱ्या फलंदाजाला मात्र तीच माती ऑफ स्टंपबाहेर आहे, आणि तिथून आत येणारा लेगस्पिनरचा चेंडू पॅडने अडवताना फटका मारायचा प्रयत्न नसेल तर पायचीतचा धोका त्याला पत्करावाच लागतो.