गच्चीवरच्या सोलरचा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करू नका

"सकाळी सोलरच्या टाकीत थंड पाणी शिरलं की सगळं कोमट होतं, म्हणून आंघोळी उरकेपर्यंत थंडचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा."

सांगलीत विश्रामबागपासून मिरजेपर्यंत हे ऐकू येतं. करून पाहा, गरम नळाची धारच बंद पडेल. गरम पाण्याचा पाइप टाकीच्या वरच्या बाजूने निघतो. तळाशी शिरणारं थंड पाणीच त्याला वर ढकलून बाहेर काढतं.

दोन्ही मिसळत का नाहीत? ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण दीड टक्का हलकं असतं. दुधावर साय राहावी तसं ते वर तरंगतं, मधे पातळ सीमा राहते. थंड पाणी हळू शिरलं तर ती सीमा मोडत नाही.

२०० लिटरची टाकी ६० अंशांवर आहे, नळाचं पाणी २० अंश. थर टिकले, तर बादलीत थंड मिसळून ४० अंशांच्या २० लिटरच्या जवळपास २० बादल्या होतात. पूर्ण ढवळली, तर १० बादल्यांनंतर टाकीच ४० वर येते आणि पुढचं पाणी त्याहून थंड. उष्णता तेवढीच, आंघोळी निम्म्या!

ढवळतं कोण? बहुधा प्रेशर पंप, किंवा इनलेटला धार मोडणारी जाळी वा पत्रा नसणं. आडव्या टाकीत थर उथळ, म्हणून तिथे ते लवकर मिसळतात. पाणी बराच वेळ कडक येऊन एकदम गार झालं तर टाकी ठीक आहे. दुसऱ्याच बादलीपासून उतरत गेलं, तर प्लंबरला इनलेट दाखवा.