फोनच्या गॅलरीतील चेहऱ्यांचे गट आणि लेबलांची सरमिसळ

फोनमधील फोटोंत दिसणारे चेहरे सारखेपणावरून आपोआप वेगळे काढून प्रत्येक व्यक्तीच्या नावाचा एक गठ्ठा तयार करण्याची जी सोय असते, तिला चेहऱ्यांचे गट करणे असे म्हणतात. गूगल फोटोज, ॲपल फोटोज आणि बहुतेक फोनांची स्वतःची गॅलरी यांत ती असते. कधीकधी या सोयीमुळे दोन, क्वचित तीन वेगळ्या व्यक्ती एकाच नावाखाली जमा होतात. आईच्या नावाच्या गठ्ठ्यात मावशी सापडते, किंवा दिवंगत वडिलांच्या नावाखाली काका दिसतात. घरातील वडीलधाऱ्यांना ही चूक अनेकदा मनाला लागते आणि तिचे कारण त्यांना सांगणे अवघड जाते, म्हणून पुढील विवेचन त्यांच्यासमोर वाचून दाखवता येईल अशा बेताने केले आहे.

पहिली गोष्ट ही समजावी लागते की फोन कोणालाही ओळखत नाही. आपण आईला पाहतो तेव्हा तिचा आवाज, चाल, नाते, ती कुठे बसली आहे आणि कोणते पातळ नेसली आहे, हे सारे आपल्या ओळखण्यात मिसळलेले असते. फोनजवळ असतो तो चेहऱ्याचा एक चौकोनी तुकडा. फोटोतून तो तुकडा कापून घेतला जातो, डोळे, नाक आणि ओठांचे कोपरे ठरावीक जागी येतील असा सरळ केला जातो, आणि त्यावरून आकड्यांची एक यादी काढली जाते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या फेसनेट या पद्धतीत एका चेहऱ्यासाठी असे १२८ आकडे असतात. यांपैकी एक आकडा नाकाचा, दुसरा हनुवटीचा अशी वाटणी नसते. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या याद्या एकमेकींच्या जवळ याव्यात आणि वेगळ्या माणसांच्या दूर जाव्यात, एवढ्याच कसोटीवर असंख्य फोटो दाखवून ही मोजणी शिकवलेली असते. मग दोन याद्यांमधील अंतर काढले जाते. फेसनेटच्या मापात हे अंतर ० पासून ४ पर्यंत असते, आणि त्या शोधनिबंधातील एका उदाहरणात १.१ ही सीमारेषा धरलेली आहे: त्याहून कमी अंतर असले तर माणूस एकच, जास्त असले तर वेगळा. आजच्या फोनांतील मापे निरनिराळी आहेत, तरी रीत हीच आहे.

अंतर काढल्यावर जवळजवळचे चेहरे एकत्र बांधले जातात. आपण टाकलेले नाव या बांधलेल्या गठ्ठ्याला लागते, सुट्या फोटोला नाही. सरमिसळ समजण्याची किल्ली इथेच आहे. आईने एका फोटोखाली आपले नाव लिहिले की त्या क्षणी गठ्ठ्यात जितके चेहरे असतील त्या सगळ्यांना तेच नाव मिळते, आणि पुढे जो चेहरा त्या गठ्ठ्याला जोडला जाईल त्यालाही मिळते. म्हणून चुकीचे नाव दिसते तेव्हा फोनने नाव चुकवलेले नसते, गठ्ठा चुकीचा बांधलेला असतो.

गठ्ठा कसा चुकतो हे सांगायला कापडाच्या मॅचिंग सेंटरचे उदाहरण उपयोगी पडते. तिथे ब्लाउजपीस रंगाच्या क्रमाने लावलेले असतात. पोपटी रंगाशेजारी जरा गडद हिरवा, त्याशेजारी आणखी गडद, मग मोरपंखी, आणि शेवटी निळा. शेजारशेजारचे कोणतेही दोन तुकडे हातात घेतले तर ते एकाच रंगाचे वाटतात, पण पहिला आणि शेवटचा समोरासमोर धरले तर तसे कोणीही म्हणणार नाही. चेहऱ्यांचे गठ्ठे बांधतानाही अशी साखळी लागू शकते. पहिला चेहरा दुसऱ्याशी जुळतो, दुसरा तिसऱ्याशी जुळतो, आणि पहिल्याचे तिसऱ्याशी काहीही जुळत नसताना तिघे एका नावाखाली येतात.

एका घरातील नेहमीचा प्रसंग घेऊ. आईचे १९७९ मधील लग्नाचे कृष्णधवल छायाचित्र मुलीने फोनने टिपून ठेवले आहे. फोनमध्ये आईचे आजच्या वयातील शेकडो फोटो आहेत आणि मुलीच्या लग्नाचेही आहेत. समजण्यापुरते आकडे धरले, तर आईच्या आजच्या फोटोचे तिच्याच लग्नातील फोटोशी अंतर १.० भरते, आणि त्या जुन्या फोटोचे मुलीच्या लग्नातील फोटोशी ०.९५ भरते, कारण लग्नात मायलेकींचे वय जवळपास सारखेच होते, चेहरेपट्टी एक आहे आणि दोघींच्या कपाळावर मुंडावळ्या आहेत. आजची आई आणि नवरी मुलगी यांच्यातील अंतर मात्र १.५ आहे. म्हणजे या दोघी थेट ताडून पाहिल्या असत्या तर फोनने त्यांना बरोबर वेगळे ठेवले असते. मधल्या एका जुन्या फोटोने दोन्हीकडे १.१ च्या आत हात दिला आणि दोन गठ्ठे एक झाले. त्यातून मूळ फोटो १९७९ चा असला तरी फाइलवर पुन्हा टिपल्याची आजची तारीख पडते, त्यामुळे काळाच्या आधाराने हा गुंता सुटण्याची शक्यताही राहत नाही. चांगल्या प्रणाली एका दुव्यावर विसंबत नाहीत, त्या पूर्ण गठ्ठ्याची सरासरी पाहतात. म्हणून शंभर स्वच्छ फोटोंचा गठ्ठा सहसा ढळत नाही, पण तीन-चार फोटोंचा लहान गठ्ठा चटकन दुसरीकडे ओढला जातो.

सख्ख्या बहिणी, जुळी भावंडे आणि मायलेकी यांच्याबाबत ही चूक होणार हे कोणालाही पटते. त्यामानाने दुसरे कारण लवकर ध्यानात येत नाही, ते म्हणजे अस्पष्ट फोटो. लग्नाच्या मोठ्या समूहचित्रात मागच्या रांगेतला चेहरा जेमतेम पंचवीस-तीस ठिपक्यांच्या रुंदीचा असतो. तो ताणून मोठा केला की त्यात डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग आणि ओठांच्या जागी एक रेघ एवढेच उरते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर पाठवताना तो आणखी दाबून लहान केलेला असतो. अशा चेहऱ्याच्या आकड्यांत त्या माणसाचे असे काही राहत नाही, धूसरपणा तेवढा राहतो. त्यामुळे दोन परक्या माणसांचे धूसर चेहरे एकमेकांना जवळचे ठरतात आणि आपापल्या स्पष्ट चेहऱ्यांपासून दूर जातात. एखाद्या नावाखाली ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशी पाच-सहा माणसे सापडली, तर बहुधा हेच घडलेले असते. फेट्याने कपाळ झाकलेले असणे, काळा चष्मा किंवा एका बाजूने पडलेला उजेड यांमुळेही हाती येणारी माहिती अशीच घटते.

वयाचाही परिणाम होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे आढळले की वेगळ्या व्यक्तींना एक समजण्याची चूक लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या बाबतीत मधल्या वयाच्या माणसांपेक्षा जास्त होते. आजीचा आणि नातवंडांचा गठ्ठाच घरात सर्वांत जास्त बिघडतो, ही अनेक घरांतील तक्रार त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

एवढ्या सुधारणा होऊनही चूक उरते कशी, याचे उत्तर एका साध्या हिशेबात मिळते. फोनमध्ये ५,००० चेहरे असतील तर त्यांच्या जोड्या जवळपास सव्वा कोटी होतात. दहा लाख जोड्यांत एकदाच चुकणारी प्रणाली घेतली, तरी बारा जोड्या चुकीच्या जुळतात, आणि गठ्ठे एक व्हायला यांतली एकही कधीकधी पुरते. सीमारेषा अधिक कडक केली तर चष्मा लावलेली आई आणि चष्मा काढलेली आई असे एकाच बाईचे दोन गठ्ठे होतात. तुटलेले गठ्ठे एकदा बोट लावून जोडता येतात, पण मिसळलेले गठ्ठे एकेक फोटो पाहून निवडावे लागतात. म्हणून बांधणी सावधपणे सुरू करणे केव्हाही बरे. ॲपलने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात पहिली फेरी अशीच जपून केली जात असल्याचे म्हटले आहे. त्या फेरीत चेहऱ्याबरोबर कमरेवरच्या शरीराचा, म्हणजे अर्थातच कपड्यांचाही, आधार घेतला जातो. तो एकाच प्रसंगातील फोटोंपुरता असतो, कारण दुसऱ्या दिवशी कपडे बदलतात.

काही सरमिसळ माणसाच्या हातून होते. गूगल फोटोज अधूनमधून दोन चेहरे शेजारी ठेवून `Same or different person?` असे विचारते. प्रश्न पडद्यावरून लवकर जावा म्हणून न पाहता `Same` दाबले गेले, तर दोन मोठे गठ्ठे एका क्षणात एक होतात. खात्री नसेल तेव्हा ‘नक्की नाही’ या अर्थाचा पर्याय निवडावा. त्याने काहीही बिघडत नाही.

गठ्ठा बिघडला आहे याची सर्वांत भक्कम खूण म्हणजे एकाच फोटोतील दोन चेहऱ्यांना एकच नाव मिळालेले असणे. आरसा, भिंतीवरची तसबीर किंवा अनेक फोटो जोडून केलेले चित्र वगळता एक माणूस एका फोटोत दोनदा असू शकत नाही. दुरुस्तीसाठी गूगल फोटोजमध्ये त्या व्यक्तीचा गठ्ठा उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून `Remove results` निवडावे आणि चुकीच्या फोटोंवर खूण करून ते काढावेत. इथे वडीलधारी माणसे हमखास थबकतात, म्हणून त्यांना आधीच सांगावे की यात फोटो पुसला जात नाही, त्यावरचे नाव तेवढे निघते. काढताना सुरुवात दुव्याच्या फोटोपासून, म्हणजे वरच्या उदाहरणातील जुन्या लग्नाच्या फोटोपासून करावी, आणि त्यानंतर अतिशय धूसर चेहरे काढावेत. चेहऱ्यांचे गट करण्याची सोय रागाने पूर्ण बंद करू नये, कारण गूगल फोटोजमध्ये तसे केल्यास आजवर दिलेली सगळी नावेही जातात.

‘फोन मला आणि माझ्या बहिणीला एक समजतो, मग माझ्या पेन्शनचे काय?’ ही काळजी अनेक निवृत्तांनी बोलून दाखवलेली आहे, कारण नोव्हेंबर २०२१ पासून हयातीचा डिजिटल दाखला चेहरा दाखवूनही काढता येतो. ते काम वेगळे आहे. तिथे आधी आधार क्रमांक द्यावा लागतो, आणि कॅमेऱ्यासमोरचा जिवंत चेहरा त्या एकाच क्रमांकाखाली नोंदलेल्या छायाचित्राशी ताडला जातो. हजारो चेहऱ्यांतून गठ्ठे बांधले जात नाहीत, त्यामुळे साखळी लागण्याचा प्रश्न येत नाही. गॅलरीतील गठ्ठ्यांचा त्या दाखल्याशी कोणताही संबंध नसतो.