क्लब एकाचा, कंपनी दुसरीच: फुटबॉल संघांमागच्या नावांची पार्श्वभूमी

मँचेस्टर युनायटेडची मालक कंपनी कोणती, हा प्रश्न सोपा वाटतो. शोधायला बसलं की ‘मँचेस्टर युनायटेड फुटबॉल क्लब लिमिटेड’, ‘मँचेस्टर युनायटेड लिमिटेड’, ‘मँचेस्टर युनायटेड पीएलसी’ आणि वर ‘रेड फुटबॉल’ नावाच्या कंपन्यांची रांगच समोर येते. ही गुंतागुंत कशी तयार झाली, ते पाहिलं की शोधाची वाटही सापडते.

इंग्लंडमधले क्लब एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिमिटेड कंपन्या होऊ लागले. 1888 मध्ये स्मॉल हीथने, म्हणजे आजच्या बर्मिंगहॅम सिटीने, ही वाट धरली. कारण व्यवहारी होतं. मैदान, तिकीटविक्री, खेळाडूंचे पगार असा पसारा वाढला, तेव्हा क्लब बुडाला तर कर्ज सभासदांच्या घरावर येऊ नये. इंग्लंडच्या फुटबॉलचं नियमन करणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने मात्र लगाम घातला. तिच्या नियम 34 नुसार भागधारकांना मर्यादित लाभांशच देता येई आणि संचालकांना मोबदला घेता येत नसे. त्या काळात क्लब आणि कंपनी एकच होती, त्यामुळे शोधण्यासारखं काही नव्हतंच.

गुंता सुरू झाला तो 1983 मध्ये. टॉटनहॅम हॉटस्परने क्लबच्या वर एक नवी कंपनी उभी केली आणि तिचे समभाग लंडनच्या शेअर बाजारात आणले. नियम 34 क्लबला लागू होता, क्लबच्या मालक कंपनीला नाही. असोसिएशनने ही पळवाट चालू दिली, आणि मग इतरांनीही तीच धरली. माझ्या मते क्लबच्या मालकीच्या इतिहासातलं खरं वळण हेच आहे, नंतरचे परदेशी अब्जाधीश नव्हेत. क्लब तेव्हापासून कुणाची तरी उपकंपनी झाला.

मँचेस्टर युनायटेडची क्लब कंपनी 1907 ची. 1991 मध्ये तिच्या वरची ‘मँचेस्टर युनायटेड पीएलसी’ लंडनच्या बाजारात आली. पीएलसी म्हणजे जिचे समभाग लोकांना विकता येतात अशी कंपनी. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांत ती घेतली. मोठा भाग कर्जाचा होता आणि खरेदी केली ‘रेड फुटबॉल लिमिटेड’ या खास त्यासाठी काढलेल्या कंपनीने. समभाग बाजारातून निघाले आणि जुनी पीएलसी ‘मँचेस्टर युनायटेड लिमिटेड’ झाली. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात MANU या चिन्हाने जी ‘मँचेस्टर युनायटेड पीएलसी’ उतरली, ती केमन बेटांवर नोंदलेली वेगळीच कंपनी. नाव तेच, पण कंपनी दुसरी. नावावरून शोधणारे इथेच फसतात: 1998 च्या एखाद्या बातमीतली पीएलसी आणि आजची पीएलसी एकच समजून हिशेब जुळवत बसतात.

म्हणून शोध नावाने नाही, नोंदणी क्रमांकाने करायचा. ब्रिटनमध्ये कंपनीने आपल्या संकेतस्थळावर नोंदलेलं नाव, क्रमांक आणि पत्ता द्यावा असा कायदा आहे. ही माहिती सहसा पानाच्या तळाशी किंवा अटी-शर्तींत असते. तो क्रमांक कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या मोफत नोंदवहीत टाकला की आधीची नावंही दिसतात. नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. तिथेच 2016 पासून ‘Persons with significant control’ हा कप्पा आहे. त्यात पंचवीस टक्क्यांहून जास्त समभाग किंवा मतं असणारा, नाहीतर दुसऱ्या मार्गाने ताबा ठेवणारा नोंदवावा लागतो. बऱ्याचदा तिथे माणूस नसतो, वरची कंपनी असते. मग तिचा क्रमांक घ्यायचा आणि पुन्हा तेच. युनायटेडच्या बाबतीत असं ‘रेड फुटबॉल’ मालिकेतून एकेक पायरी चढावी लागते.

साखळी देशाबाहेर गेली की ही नोंदवही थांबते. केमनची नोंदवही भागधारकांची यादी लोकांसमोर ठेवत नाही. युनायटेडचं नशीब (आपलं म्हणा हवं तर) असं की ती न्यूयॉर्कच्या बाजारात आहे. त्यामुळे अमेरिकी नियामकाकडे दरवर्षी 20-F अहवाल द्यावा लागतो. त्यात उपकंपन्यांची यादी असते आणि मोठे भागधारकही. ‘ब’ वर्गाच्या एका समभागाला दहा मतं असल्याने थोड्या समभागांवर कुटुंबाचा ताबा कसा टिकतो, तेही तिथे कळतं. बाजारात नसलेल्या मालक कंपनीचा माग मात्र बेटावर पोचताच पुसला जातो.

मोठ्या सोहळ्यांची तऱ्हा निराळी. लंडन 2012 च्या ऑलिंपिकची आयोजन समिती ही रीतसर कंपनीच होती. पण ती एका कामापुरतीच होती, खेळ झाल्यावर गुंडाळली गेली. ऑलिंपिकच्या नावाचे आणि चिन्हाचे हक्क तिचे कधीच नव्हते, ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडेच राहिले. त्यामुळे सोहळ्याबाबत दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: नाव कुणाचं, आणि या खेपेचे करार कुणाच्या सहीने झाले. तिकिटाच्या अटींत विक्रेता म्हणून जिचं नाव असतं, ती बहुधा दुसऱ्या प्रश्नाकडे नेते.